कॅशबॅकची वाट

परवा कपाट आवरताना एक पांढरा कागद सापडला. दोन्ही बाजूंनी कोरा, गुळगुळीत, जेमतेम तीन बोटं रुंद. फेकणारच होतो, पण उजेडात तिरका धरल्यावर पुसट अक्षरं दिसली आणि लक्षात आलं, ही फ्रिजची चार्जस्लिप. २०२४च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी घेतलेल्या फ्रिजची. ज्या कागदाच्या जोरावर मी बँकेशी भांडायला निघालो होतो, तो कागदच स्वतःहून माफीचा साक्षीदार झाला होता!

त्या कागदावरून बरंच काही आठवलं, म्हणून आज हे लिहितोय.

झालं होतं असं. आईचा जुना फ्रिज अठरा वर्षांच्या इमानी सेवेनंतर नवरात्रातच बंद पडला. दुकानात गेलो तर सगळीकडे पाट्या. एका पाटीवर मोठ्ठ्या आकड्यात २,५०० रुपये कॅशबॅक. फ्रिजची किंमत ३४,९९०. मी मनातल्या मनात लगेच ३२,४९० केली. माणसाचं मन किती तत्पर असतं बघा, न मिळालेले पैसे वजा करायला त्याला एक सेकंदही लागत नाही. आईलाही फोनवर तोच आकडा सांगितला. ११ ऑक्टोबरला कार्ड घासलं, सहा महिन्यांचा ईएमआय केला, दुसऱ्या दिवशी फ्रिज घरी. दसऱ्याच्या मुहूर्तावर श्रीखंड थंड झालं.

माझ्या कार्डाचं स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला येतं. १८ ऑक्टोबरला बघितलं, कॅशबॅक नाही. म्हटलं, आठवडाच तर झालाय. १८ नोव्हेंबर, नाही. १८ डिसेंबर, नाही. आता मात्र डोकं फिरलं. कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, "सर, ऑफर संपल्यापासून नव्वद दिवसांत मिळेल." मी म्हटलं, "अहो, दोन महिने होऊन गेले!" ती पुन्हा तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "सर, ऑफर संपल्यापासून."

या दोन शब्दांत सगळी मेख आहे. मी मोजत होतो खरेदीच्या दिवसापासून, बँक मोजत होती ऑफर संपल्याच्या दिवसापासून. ऑफर होती ३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर, म्हणजे घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत. ३ नोव्हेंबरपासून नव्वद दिवस मोजले तर १ फेब्रुवारी २०२५ येते. तिथे घड्याळ थांबतं का? नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला जमा झालेली रक्कम कागदावर दिसणार पुढच्या स्टेटमेंटमध्ये, म्हणजे १८ फेब्रुवारीला. ११ ऑक्टोबर ते १८ फेब्रुवारी, एकशे तीस दिवस. सव्वाचार महिने. आणि एवढं होऊनही बँकेने शब्द मोडलेला नसतो! ज्याने ऑफरच्या शेवटच्या दिवशी खरेदी केली त्याला तेच पैसे माझ्यापेक्षा तेवीस दिवस कमी वाट पाहून मिळतात. लवकर जाणाऱ्याला शिक्षा, असा हा उफराटा न्याय.

अटींमध्ये कधी कधी 'नव्वद दिवस' ऐवजी 'नव्वद कामाचे दिवस' असं लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाने मुदत चार महिन्यांच्या घरात जाते. म्हणून आता मी अटी वाचताना दोनच गोष्टी आधी शोधतो. मोजणी कधीपासून, आणि दिवस साधे की कामाचे. बाकीचं मग.

इतका वेळ का लागतो, हा प्रश्न मला तेव्हापासून छळत होता. सुदैवाने आमच्या ओळखीतले एकजण अशा कार्ड मशीनच्या कंपनीत काम करायचे. त्यांनी चहा पिता पिता समजावून सांगितलं. आपल्याला वाटतं की बँकेने बटण दाबायचं आणि पैसे यायचे. पण असल्या ऑफरमधले पैसे बरेचदा एकट्या बँकेचे नसतात. काही फ्रिज बनवणाऱ्या कंपनीचे, काही बँकेचे. कंपनी पैसे सोडणार कधी? तर तो फ्रिज खरोखर विकला गेला आणि परत आला नाही, याची खात्री पटल्यावर. म्हणून दुकानदार मशीनवर फक्त रक्कम टाकत नाही, वस्तूचा सीरियल नंबरही टाकतो, म्हणजे एकाच फ्रिजवर दोघांना सूट जाणार नाही. ऑफर संपल्यावर सगळ्या व्यवहारांची यादी निघते. रद्द झालेले, परत आलेले, हप्ते मुदतीआधी बंद केलेले व्यवहार त्यातून गळतात. एका कार्डावर एकदाच अशी अट असेल तर दुसरी खरेदी गळते. उरलेली यादी बँकेकडे जाते आणि एका दिवशी सगळ्यांच्या खात्यात एकदम रक्कम पडते. त्यामुळे 'माझं एकट्याचं आधी करा' असं म्हणून काही उपयोग नसतो. ती एसटी आहे, रिक्षा नव्हे. सगळे बसल्याशिवाय सुटत नाही.

हे कळल्यावर राग थोडा निवळला. सगळ्या कॅशबॅकची गत अशी नसते, हेही त्यांनीच सांगितलं. दुकानातल्या मशीनवर किंवा वेबसाइटवर रक्कमच कमी होऊन कापली जाते, ती तत्काळ सूट. तिथे वाट बघायचा प्रश्नच नाही, स्लिपवर कमी आकडा दिसला की संपलं. दुसरा प्रकार कार्डाचा स्वतःचा नेहमीचा कॅशबॅक, दर खर्चावर एक टक्का, पाच टक्के वगैरे. तो साधारण त्याच किंवा पुढच्या स्टेटमेंटला येतो, कारण त्यात तिसरा कोणी नसतो. दोन स्टेटमेंट उलटून गेली आणि आला नाही तर तो खर्च त्यातून वगळलेला आहे असं समजून विचारावं. आणि तिसरा हा सणासुदीचा, कंपनी आणि बँक मिळून दिलेला. याला दोन-तीन महिने नेहमीचेच, आणि तेही ऑफर संपल्यानंतर. गंमत म्हणजे पाटीवर तिन्हींची अक्षरं सारखीच मोठी असतात.

तर माझे पैसे आले. २९ जानेवारीला एसएमएस आला, २,५०० जमा. मुदतीच्या तीन दिवस आधी! मला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. आपलेच पैसे मिळाल्यावर बक्षीस मिळाल्यासारखं वाटावं, याहून या योजनेचं यश ते काय?

पण इथेच एक खड्डा होता, आणि मी त्यात पडता पडता वाचलो. १८ जानेवारीचं बिल आलेलं होतं, ९,६४० रुपये, भरायची शेवटची तारीख ७ फेब्रुवारी. आता मधेच २,५०० जमा झाले. म्हटलं, सोपं आहे, ७,१४० भरून टाकू. बायको म्हणाली, "आधी अटी बघ, मग भर." पाहिल्या. तिथे लिहिलं होतं की कॅशबॅकची रक्कम आलेल्या बिलाचा भरणा म्हणून धरली जाणार नाही. म्हणजे मी ७,१४० भरले असते तर बँकेच्या लेखी बिल अपुरं भरलं गेलं असतं. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते, राहिलेल्या रकमेवर व्याज लागतं, पुढच्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, हे ज्याने एकदा भरलंय तो विसरत नाही. मी मुकाट्याने ९,६४० भरले. पुढच्या, १८ फेब्रुवारीच्या बिलात खर्च ८,२१० होता, त्यातून २,५०० वजा होऊन ५,७१० भरायला सांगितले. पैसे कुठे गेले नाहीत, फक्त एक बिल पुढे सरकले.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आपण वस्तू परत केली किंवा व्यवहार फसला आणि पैसे परत आले, तर ते त्या वेळी देणं असलेल्या बिलातून वळते करायला हवेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांसाठी काढलेल्या नियमांत स्पष्ट केलं. पण कॅशबॅक म्हणजे परतावा नव्हे, ती बँकेने दिलेली सवलत. दिसायला दोन्ही स्टेटमेंटमध्ये सारखेच, जमेच्या बाजूला. म्हणून मी स्वतःपुरता साधा नियम केलाय. बिलावर जो आकडा छापलाय तो भरायचा. येणारे पैसे येतील तेव्हा पुढचं बिल कमी करतील. न आलेला कॅशबॅक बिलातून वजा करणं म्हणजे लग्नाआधी नातवाचं नाव ठेवण्यासारखं.

माझी गोष्ट इथे संपली. पण खरं सांगायचं तर मी हे लिहायला बसलो ते आमच्या शेजारच्या काकांमुळे.

काका निवृत्त, पेन्शनवर. आयुष्यात कर्ज काढलं नाही हा त्यांचा अभिमान. मी फ्रिज घेतला ते बघून त्यांनीही दिवाळीच्या आधी त्याच दुकानातून टीव्ही घेतला, ४१,५०० रुपयांचा. पाटी होती ३,००० कॅशबॅकची. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "ईएमआय करायचा का?" काका म्हणाले, "छे! हप्ते-बिप्ते नकोत मला. एकदम घे सगळे." मुलाने एकदम घेतले. काकांनी विचारलं, "कॅशबॅक मिळेल ना?" मुलगा म्हणाला, "मिळेल ना काका, बँक देते." आणि बिलावर पेनाने लिहूनही दिलं, 'कॅशबॅक ३०००, बँकेकडून'.

माझे पैसे आल्यावर काका रोज स्टेटमेंट बघायला लागले. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये मला म्हणाले, "अरे, तुझे आले, माझे कसे नाही आले? जरा बघ की."

बघितलं. ऑफर होती फक्त ईएमआयच्या व्यवहारांवर. पाटीवर तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असणार, माझ्या लक्षात यायचं कारणच नव्हतं, कारण मी ईएमआय केलाच होता. कार्ड मशीनवर साधी विक्री आणि ईएमआय असे वेगवेगळे पर्याय असतात. ईएमआयचा पर्याय निवडून कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर टाकला तरच तो व्यवहार त्या यादीत जातो. काकांचं कार्ड साध्या विक्रीत घासलं गेलं होतं. बँकेच्या दृष्टीने त्यांनी कुठल्याशा दुकानात ४१,५०० रुपये खर्च केले, बस. टीव्ही घेतला की भाजी, तिला माहीतच नाही. त्यांचं नाव यादीतून गळलं नव्हतं, ते यादीत कधी चढलंच नव्हतं.

आणि हे त्याच दिवशी, दुकानातच कळलं असतं. दोन चार्जस्लिपा शेजारी ठेवल्या की फरक उघड आहे. माझ्या स्लिपवर हप्त्यांची संख्या, मॉडेल, सीरियल नंबर आणि कॅशबॅकची रक्कम छापलेली होती आणि खाली त्या अटी मान्य असल्याची ओळ. काकांच्या स्लिपवर नुसती रक्कम. चार्जस्लिपवर ऑफरचा उल्लेख नसेल तर दुकानातून बाहेर पडायच्या आधीच विचारायचं. तो व्यवहार त्या दिवशी रद्द करून पुन्हा नीट घासता येतो. चार महिन्यांनी नाही. पण काकांची स्लिप मार्चमध्ये बघायला घेतली तर ती जवळजवळ कोरी झालेली! हा कागद उष्णतेवर छापला जातो, त्यात शाई नसतेच. पाकिटात, उन्हात, प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला की अक्षरं उडतात. ज्या योजनेची मुदत चार महिने, तिचा पुरावा दोन महिन्यांत पुसला जाणाऱ्या कागदावर, याला काय म्हणावं? माझीही स्लिप आता कोरी झालीय, हे परवा कळलंच. त्यामुळे स्लिपचा, बिलाचा आणि हो, पाटीचासुद्धा फोटो त्याच दिवशी काढून ठेवायचा.

काकांनी बँकेला लिहिलं. उत्तर आलं, हा व्यवहार ऑफरमध्ये बसत नाही. तक्रार क्रमांकासकट, नम्र भाषेत. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. मी काकांना ते सुचवलं, पण मनातून ठाऊक होतं की तिथे काही हाती लागणार नाही. लोकपाल बघणार बँकेची सेवा चुकली का, आणि बँक इथे चुकलीच नव्हती. माझे पैसे जर मुदत उलटूनही आले नसते, तर ती वाट माझ्या कामाची होती. काकांना शब्द दिला होता दुकानाने. मग त्यांनी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ क्रमांकावर, दुकानाविरुद्ध तक्रार नोंदवली. त्या पेनाने लिहिलेल्या ओळीचा फोटो जोडला. एवढी एक ओळ होती म्हणून दुकानदार बोलायला तरी आला. शेवटी त्याने दीड हजाराचं कूपन दिलं, दहा हजारांच्या पुढच्या खरेदीवर वापरायचं, तीन महिन्यांच्या आत.

काकांनी ते वापरलं नाही. मला म्हणाले, "तीन हजारांचं काही नाही रे. पण मी त्याला सरळ विचारलं होतं, मिळेल का म्हणून. बँक म्हणते आमची चूक नाही, दुकान म्हणतं बँकेचं काम, कंपनीचा तर पत्ताच नाही. कोणीच फसवलं नाही, मग फसलो कसा मी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांची चूक एवढीच की त्यांनी कर्ज नको म्हटलं. ज्याच्याकडे रोख पैसे होते त्याला महाग, ज्याने हप्ते घेतले त्याला स्वस्त. आणि ही गोष्ट त्यांना सांगायला काउंटरवर कोणालाच वेळ नव्हता.

मला विचाराल तर कॅशबॅक या प्रकाराला माझा विरोध नाही. २,५०० मिळाले, आवडले, आईला सांगितलं. माझं म्हणणं इतकंच आहे की ही सूट नसून उधारी आहे. चार महिने मी बँकेला आणि कंपनीला २,५०० रुपये बिनव्याजी वापरायला दिले. तेच मी चार दिवस बिल चुकवलं तर? तिथे तारीख ठळक छापलेली असते, रक्कमही, व्याजाचा दरही. देण्याची तारीख बिलाच्या माथ्यावर आणि घेण्याची तारीख अटींच्या तेविसाव्या कलमात, हा न्याय कुठला? पाटीवर '२,५०० कॅशबॅक' लिहिताना त्याच आकाराच्या अक्षरांत 'फक्त ईएमआयवर, १ फेब्रुवारीपर्यंत' एवढं लिहायला काय हरकत आहे? तारीख त्यांना माहीत असते. ऑफर जाहीर होते त्याच दिवशी माहीत असते. लिहीत नाहीत, कारण मग माझ्यासारखा माणूस मनातल्या मनात ३४,९९० मधून २,५०० वजा करणार नाही. आणि ती वजाबाकी मनात होणं, हाच तर धंदा आहे.

असो. आईचा फ्रिज उत्तम चाललाय. काकांचा टीव्हीही. गेल्या दिवाळीत काका मिक्सर घ्यायला निघाले तेव्हा मला सोबत घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने 'कॅशबॅक' म्हणायला तोंड उघडलं तसे काका म्हणाले, "बाळा, आत्ता किती कमी करतोस ते सांग." तीनशे रुपये कमी झाले. काकांनी स्लिपवरचा आकडा चष्मा लावून दोनदा वाचला, मोबाइल काढला, आणि दुकानातच उभं राहून तिचा फोटो काढला.